अर्धवट सोडता येईल असा व्यवसाय



आमच्या दवाखान्यात नियमित येणाऱ्या एका कुटुंबातील ब्याऐंशी वर्षांचे काका एका सकाळी अचानक असंबद्ध बोलू लागले. आदल्या रात्रीपासून त्यांना ग्लानी होती, अंगात थोडा ताप होता. मुलीला वाटले, झटका आला. तपासणीत निघाला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग. वृद्धांमध्ये हा विकार अनेकदा जळजळीने नव्हे, तर अशा गोंधळलेपणाने किंवा एकाएकी तोल जाण्याने प्रकट होतो. औषधांनी काका चार-पाच दिवसांत सावरले. नंतर मी त्यांना विचारले, ‘‘काका, पाणी किती पिता?’’ मुलगी बाहेर गेल्याचे पाहून ते हळूच म्हणाले, ‘‘डॉक्टर, पाणी प्यायलं की उठावं लागतं. उठायचं म्हणजे तिला हाक मारायची. तिकडे तिचे डबे चुकतात. म्हणून मीच कमी केलं.’’

आई-वडिलांच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडलेल्या मुली, सुना आणि अलीकडे मुलगेही मला विचारतात, ‘‘घरबसल्या काय करू?’’ बहुतेक जण ‘मला काय येते’ आणि ‘काय खपेल’ या दोन प्रश्नांपासून आरंभ करतात. या ताईंनीही तेच केले होते. हाताला चव होती आणि मीरा रोडला डब्यांना मागणी भरपूर. अशा घरात मात्र आणखी एक प्रश्न सर्वांत आधी विचारावा लागतो: हे काम मध्येच टाकून उठावे लागले, तर काय बिघडेल?

या प्रश्नाचे उत्तम उत्तर आपल्या मुंबईतच सापडते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला आरंभ केला. पुढे त्यातूनच श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. तिच्या यशाची कारणे पुष्कळ सांगितली जातात. मला त्यांतील कामाची वाटणी विशेष मोलाची वाटते. पीठ मळण्याचे काम, म्हणजे ज्यात प्रमाण आणि वेळ दोन्ही सांभाळावे लागतात ते, संस्थेच्या शाखेत होते. भगिनी सकाळी मळलेले पीठ घरी नेतात, पापड लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी देऊन लाटणावळ घेतात. एक पापड लाटायला फार वेळ लागत नाही. तेवढ्यात कोणी हाक मारली, तर पीठ झाकून उठता येते. गिऱ्हाईक दारात उभे नसते. जे काम अर्धवट सोडता येत नाही ते घराबाहेर आणि जे सोडता येते ते घरात, अशी ही विभागणी आहे. आपला व्यवसाय कोणताही असो, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता त्या ताईंच्या घराकडे वळू. दोन खोल्यांची सदनिका. यजमान सकाळच्या लोकलने चर्चगेटला जाणारे. वडिलांना वीस वर्षांचा मधुमेह आणि अशक्त हृदय, म्हणून सकाळी लघवी वाढवणारी गोळी. आईला स्मृतिभ्रंश. मी ताईंना सांगितले, नवा व्यवसाय निवडण्यापूर्वी सात दिवस एक वही ठेवा. तीत तीनच रकाने: हाक किती वाजता आली, पुन्हा कामाशी यायला किती मिनिटे गेली आणि ही हाक आधी ठाऊक होती की अनपेक्षित.

आठव्या दिवशी त्या वही घेऊन आल्या. दिवसाकाठी सरासरी बावीस हाका. पण त्या दिवसभर सारख्या विखुरलेल्या नव्हत्या. सकाळी आठ ते बारा त्यांची दाटी होती. लघवीच्या गोळीचा परिणाम काही तास टिकतो आणि आंघोळ, नाश्ता, इन्सुलिनही त्याच वेळात येते. दुपारी दोन ते चार दोघेही पडून असत. सायंकाळी पाचनंतर आईंची अस्वस्थता वाढे. ‘‘मला घरी जायचंय’’ म्हणत त्या दाराशी जात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत दिवस मावळताना असे होणे नेहमीचे आहे.

डबे का फसले, हे त्या वहीनेच सांगितले. दुपारचे डबे साडेअकराला बाहेर पडायचे, म्हणजे स्वयंपाक ऐन हाकांच्या दाटीत. रात्रीच्या डब्यांचा स्वयंपाक आईंच्या अस्वस्थतेच्या वेळी. कढईत फोडणी असताना उठता येत नाही आणि गॅस पेटता ठेवून उठावे, तर घरात विसराळू माणूस. ताईंच्या कष्टात उणे नव्हते. तो व्यवसाय त्या घराच्या घड्याळात बसणारा नव्हता.

त्यानंतर आम्ही वहीशेजारी चार प्रश्न लिहिले. कामाचा लहानात लहान पूर्ण होणारा तुकडा किती मिनिटांचा? तो मध्येच सोडला, तर माल बिघडतो का, किंवा घरात धोका निर्माण होतो का? वेळ कोणाच्या घड्याळाची, आपल्या की गिऱ्हाइकाच्या? आणि दहा दिवस रुग्णालयात राहावे लागले, तर काय होईल?

ताईंच्या मनात शिकवणीचा विचार होता. मुले पाचला येणार, नेमकी आईंच्या अस्वस्थतेची वेळ. शिवाय मुलांबरोबर सर्दी-खोकला अशक्त हृदयाच्या माणसाच्या घरात येणार. ब्यूटी पार्लरचा विचार दुसऱ्या प्रश्नावर अडला, कारण चेहऱ्याला लेप लावलेल्या बाईला तसेच ठेवून उठता येत नाही. चारही प्रश्नांतून तगले ते साडीला फॉल लावण्याचे काम. फॉल आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावा लागतो, नाहीतर धुतल्यावर आकसून साडीला चुण्या पडतात. पण ही पूर्वतयारी एकदम चार-पाच फॉलांची करून ठेवता येते. पुढची हातशिलाई कोणत्याही टाक्यावर थांबवता येते. गिऱ्हाईक तीन-चार दिवस थांबते. पिकोसाठी यंत्र घेण्यात पैसे न गुंतवता ते काम ताईंनी जवळच्या दुकानावर सोपवले.

हिशेब आम्ही कागदावर मांडला. वहीप्रमाणे हाकांच्या मधला मोकळा वेळ सुमारे चार तास निघत होता. मी त्यातला निम्माच धरायला सांगितले, कारण काळजीवाहू माणसालाही पाठ टेकायला हवी; आणि रात्रीची वेळ मुळीच धरू दिली नाही, कारण काकांसाठी त्या रात्री दोनदा उठत. उरले दोन तास. एका साडीला हातशिलाईचे दीड तास लागत. त्यात नेणे-आणणे आणि तयारी मिळवली, तर आठवड्याला पाच साड्या. एका साडीचे दीडशे रुपये. त्यातून पिकोचे चाळीस, फॉल आणि दोऱ्याचे तीस गेले की ऐंशी उरतात. म्हणजे आठवड्याला चारशे, महिन्याला सुमारे सोळाशे रुपये.

रक्कम लहान आहे, हे मी ताईंना स्पष्ट सांगितले. नोकरीच्या पगाराची जागा ती घेऊ शकत नाही. त्यांच्या घरी काकांच्या औषधांचा काही भाग त्यातून निघतो. आपल्या घराला पगाराएवढीच रक्कम हवी असेल, तर दिवसाच्या मदतनीस बाईंचा खर्च आणि आपली संभाव्य कमाई यांची तुलना करून बाहेरचे काम धरणे अधिक योग्य ठरते. घरच्या व्यवसायात ती रक्कम बसवू पाहिली, की त्याची किंमत प्रथम झोपेतून आणि नंतर रुग्णाच्या पाण्यातून वसूल होते.

या कामातही धोके आहेतच. पहिला सुईचा. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. पायात सुई शिरली, तरी कळत नाही. कळते ते जखम चिघळल्यावर. म्हणून ताई मोजून पाचच सुया वापरतात. काम थांबवताना सुई उशीत खोचतात, पाच मोजतात आणि मगच उठतात. फारच तातडीची हाक असेल, तर दोऱ्यासह सुई साडीत टोचून साडी उंच कप्प्यावर ठेवतात. पलंगावर बसून शिवायचे नाही, हाही नियम आहे.

दुसरा धोका तारखेचा. लग्नाची साडी घरात आणि काका रुग्णालयात, असा प्रसंग येणारच हे धरून चालावे. त्यांनी दोन नियम केले: एका वेळी पाचांहून अधिक साड्या घरात ठेवायच्या नाहीत आणि आठ दिवसांच्या आतली तारीख स्वीकारायची नाही. त्याच इमारतीतील शिवणकाम करणाऱ्या एका बाईंशी बोलून ठेवले, की अडचण आली तर उरलेल्या साड्या आणि त्यांचे पैसे तुमचे. प्रत्येक साडी नाव आणि तारखेची चिठ्ठी लावून सुती पिशवीत असते, म्हणून पिशव्या उचलून देण्याखेरीज काही करावे लागत नाही. पुढे सहा महिन्यांनी काका छातीत पाणी झाल्याने नऊ दिवस रुग्णालयात होते. तीन साड्या शेजारी गेल्या. एकही गिऱ्हाईक तुटले नाही.

आपण व्यवसाय सुरू केला असेल, तर तो घराला मानवतो की नाही हे ओळखण्याच्या खुणा हिशेबाच्या वहीत दिसत नाहीत. त्या रुग्णाजवळ दिसतात. सकाळी भरलेली पाण्याची बाटली सायंकाळी तशीच आहे का? लघवी गडद पिवळी होते आहे का? गोळ्यांच्या वेळा पुढे सरकू लागल्या आहेत का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘‘तुझं होऊ दे आधी’’ हे वाक्य वारंवार कानी येते का? यांतील दोन खुणा आठवडाभर दिसल्या, तर काम निम्मे करावे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाने किती पाणी प्यावे, हे मात्र त्याच्या डॉक्टरांनीच ठरवलेले असावे; सर्वांना एकच माप लागू होत नाही.

ती सात दिवसांची वही आपल्या डॉक्टरांनाही दाखवा. कधी कधी एखाद्या गोळीची वेळ बदलून हाकांची दाटी थोडी सैल करता येते. तो बदल स्वतःच्या मनाने करू नये. ताईंच्या बाबतीत गोळीची वेळ तीच ठेवावी लागली; मात्र आंघोळ सकाळऐवजी दुपारी साडेचारला नेता आली, आणि काकांच्या उशाशी एक लहान घंटा आली. ‘‘वाजवताना संकोच वाटतो का?’’ असे मी मागच्या भेटीत विचारले. काका म्हणाले, ‘‘आता नाही. ती टाका अर्धा ठेवून येते, हे मला दिसतं ना.’’