फर्मान कोणाला लिहिलंय, ते आधी वाचा

ढाणकीला ईदच्या सुट्टीत गेलो होतो. भाचा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. त्याने इतिहासाची साधन-पुस्तिका माझ्यापुढे टाकली आणि म्हणाला, "मामू, याचं उत्तर काय लिहू?" पानावर चार ओळींचा उतारा होता आणि खाली प्रश्न : 'या साधनातील पूर्वग्रह, हेतू व अपेक्षित वाचक ओळखा.' उताऱ्याच्या सुरुवातीला तीन टिंबं आणि शेवटीही तीन टिंबं. मधल्या मजकुराचा आशय असा की शिवाजीने निजामशाही कोकणातल्या मुसलमानांना त्रास दिला, लुटलं, बादशाही मुलखातले किल्ले घेतले, म्हणून त्याच्या बंदोबस्तासाठी अफजलखानाला नेमलं आहे. वर फक्त एवढंच छापलेलं : 'विजापूर दरबारचे फर्मान, १६५९.'

शिकवणीतल्या मित्राच्या वहीत उत्तर तयार होतं. पूर्वग्रह : लेखक मुस्लिम असल्याने एकतर्फी. हेतू : धार्मिक. वाचक : मुस्लिम प्रजा. दहापैकी आठ गुण.

त्या आठ गुणांवर माझा आक्षेप आहे. तीनपैकी तिसरं उत्तर सरळ चुकलेलं आहे, आणि ते चुकल्यामुळे पहिली दोनही कोसळतात.

हे फर्मान दुसऱ्या अली आदिलशहाच्या नावाने जून १६५९ मध्ये निघालं. ते लिहिलं गेलं मावळातल्या कारीच्या कान्होजी जेधे देशमुखांना. म्हणजे ज्या कागदात मुसलमानांच्या त्रासाची तक्रार आहे, तो कागद एका मराठा वतनदाराच्या हाती द्यायचा होता. आता सांगा, 'वाचक : मुस्लिम प्रजा' कुठून आलं? पुस्तिकेने सुरुवातीची टिंबं टाकताना कान्होजींचं नाव कापलं. उरलेली जागा मुलाने स्वतःच्या डोक्यातल्या चित्राने भरली.

शेवटच्या टिंबांत काय गेलं, तेही पाहा. तिथे हुकूम आहे. खानाच्या सांगण्याप्रमाणे वागा, शिवाजीच्या माणसांना थारा देऊ नका, ते कुठूनही आले तरी मारा. चाकरी नीट केलीत तर दरबार दखल घेईल. कागदाचं काम हे शेवटचं आहे. आधीची तक्रार ही त्या हुकमाची प्रस्तावना. प्रस्तावना ठेवून हुकूम कापला की चाकरी मागणारं पत्र धर्मावरचं भाषण वाटू लागतं.

म्हणून उतारा हाती आला की मी भाच्याला सांगितलं, आधी क्रियापदं शोध. 'त्रास दिला', 'लुटलं' ही माहिती देणारी क्रियापदं आहेत. 'वागा', 'थारा देऊ नका', 'मारा' ही आज्ञा देणारी. कागदाचा हेतू बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात असतो. आणि ती क्रियापदं उताऱ्यात नसतील, तर पूर्ण मजकूर मिळेपर्यंत हेतूबद्दल ठाम काही लिहू नये.

आता पूर्वग्रहाकडे या. 'लेखक मुस्लिम, म्हणून एकतर्फी' हे उत्तर नाही, जातीचा दाखला आहे. पूर्वग्रह विशिष्ट शब्दांत आणि विशिष्ट गरजेत दाखवता आला पाहिजे. दरबारची गरज काय होती? डोंगरदऱ्यांतून फौज न्यायची तर स्थानिक देशमुख हवे होते. ते आपल्या बाजूला राहतील याची खात्री असती, तर थारा देणाऱ्यांबद्दल इतका कडक मजकूर कशाला लागला असता? धमकीचा जोर दरबारची शंका दाखवतो. मला या कागदातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, कारण ती लिहिणाऱ्याला सांगायची नव्हती. आम्ही कामावर प्रोग्रामचा लॉग वाचतो तेव्हाही असंच असतं. लॉगमध्ये तेवढंच दिसतं जे लिहिणाऱ्याला छापावंसं वाटलं. खरा बिघाड पुष्कळदा जे छापलेलं नाही त्यात असतो.

मग कोकणातल्या मुसलमानांना खरंच त्रास झाला का? या कागदावरून ते सिद्ध होत नाही आणि खोटंही ठरत नाही. सिद्ध होतं ते इतकंच की कारवाईचं कारण सांगताना दरबाराला धर्मरक्षक म्हणून उभं राहायचं होतं, आणि त्याच दमात किल्ले गेल्याचं दुःखही सांगायचं होतं. त्रासाबद्दल बोलायचं तर कोकणातला वेगळा, स्वतंत्र कागद लागेल. अनुवादाचाही प्रश्न आहे. मूळ फारसी, आपल्या हातात मराठी. 'मुसलमान' हा शब्द मुळात कोणत्या फारसी शब्दासाठी आला, हे पुस्तिकेने सांगायला हवं होतं.

भाचा मग उत्साहाने म्हणाला, "म्हणजे कान्होजी शिवाजी महाराजांकडे गेले, हे तर पक्कं ना? जेधे करीन्यात आहे." हो, करीन्यात आहे. कान्होजी पाच मुलांना घेऊन महाराजांकडे गेले, फर्मान दाखवलं, आणि शेजारचे खंडोजी खोपडे खानाकडे गेले असताना यांनी वतनावर पाणी सोडलं. आपल्यातले बरेच जण हे वाचून खूश होतात आणि चाळणी बाजूला ठेवतात. तसं करू नका. करीना हा घराण्याचा कागद. असे कागद घराण्याने काय चाकरी केली आणि कोणते हक्क आपले, हे सांगण्यासाठी लिहिले जात. अशा कागदात पूर्वजाचं इमान ठळक असणारच. घरच्यांनी लिहिलेल्या संवादातला प्रत्येक शब्द तसाच बोलला गेला, असं मी धरणार नाही.

पण मुख्य गोष्ट टिकते, आणि का टिकते ते पाहण्यासारखं आहे. दरबाराने कान्होजींना ओढण्यासाठी पाठवलेलं फर्मान जेधे घराण्याच्याच कागदांत जपलेलं राहिलं. ते त्यांनी मानलं नाही, तरी ठेवलं. आम्ही काय नाकारलं याचा पुरावा म्हणून ठेवलं असावं, असा माझा अंदाज. लिहिताना त्या कागदाचा हेतू एक होता, जपताना दुसरा झाला. दोन विरुद्ध बाजूंचे कागद कान्होजींवर दोघांचा डोळा होता एवढ्यावर जुळतात, तिथे पाय ठेवायला जागा आहे.

आणि खोपडे? एकाच मावळातले दोन मराठा देशमुख, समोर तोच खान, आणि निर्णय उलटे. 'हेतू : धार्मिक' लिहिणाऱ्याने हे कसं समजावायचं? वतनाचे शेजारी-भांडण, कोण जिंकेल याचा हिशोब, जुनं इमान, हे सगळं त्यात असणार.

आता आपल्याबद्दल. असा उतारा वर्गात वाचला गेला की आपली पोरं दोनपैकी एक करतात. मान खाली घालतात, नाहीतर मोबाइल काढून महाराजांच्या मुस्लिम सरदारांची यादी फेकतात. त्या यादीतल्या किती नावांना समकालीन कागद आहे, हे कोणी विचारत नाही. ती यादी कोणी, कोणासाठी, कधी बनवली, हेही नाही. समोरच्याने कापलेला उतारा दिला, आपण कापलेली यादी दिली. मला या दुसऱ्या गोष्टीचा राग पहिल्यापेक्षा जास्त येतो, कारण ती आपल्या हातात आहे. वर्गात हात वर करून एवढंच विचारता येतं : "सर, या टिंबांच्या आधी काय आहे?"

भाच्याने शेवटी हे लिहिलं : वाचक, कान्होजी जेधे, ज्यांची निष्ठा दरबाराला पक्की वाटत नव्हती. हेतू, त्यांना खानाच्या मोहिमेत आणणं आणि शिवाजीच्या माणसांचा आसरा तोडणं. पूर्वग्रह, स्वतःचा किल्ल्यांचा तोटा प्रजेच्या तक्रारीच्या पुढे-मागे ठेवून कारवाई न्याय्य दाखवणं. मर्यादा, कोकणातल्या त्रासाबद्दल हा एकटा कागद पुरेसा नाही. आणि खाली पेन्सिलने : उतारा अपुरा, पत्ता व शेवट वगळला आहे.

गुण किती मिळाले ते अजून कळलेलं नाही. त्या पेन्सिलच्या ओळीवर शिक्षकांनी प्रश्नचिन्ह काढलंय, असं त्याने काल फोनवर सांगितलं. मी त्याला पूर्ण फर्मानाच्या मराठी अनुवादाची झेरॉक्स पाठवली आहे. सोमवारी तो ती घेऊन वर्गात जाणार आहे.