पाच पट्ट्यांची जबानी

प्रयोगशाळेच्या खिडकीतून : दप्तरदार

शेजारचे एक गृहस्थ परवा संध्याकाळी आपल्या रक्ततपासणीचा कागद घेऊन आले. बाकीचे सर्व आकडे आपापल्या मर्यादेत मुकाट बसले होते, केवळ एल.डी.एच. या अक्षरांपुढे एक काळा बाण वर तोंड करून उभा होता, आणि त्या एवढ्याशा बाणाने त्यांची दोन रात्रींची झोप उडविली होती. “डॉक्टरसाहेब, हे हृदयाचं असतं म्हणतात, खरं का?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “हृदयाचं असेल, यकृताचं असेल, नाहीतर रक्त काढणाऱ्याच्या सुईचंही असेल.” त्यांना ती थट्टा वाटली; परंतु ती थट्टा नव्हती, आणि तीच गोष्ट आज जरा सविस्तर सांगावी असे मनात आहे.

एल.डी.एच., म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजिनेज, हे विकर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत नांदत असते. साखरेच्या ज्वलनात निर्माण होणाऱ्या पायरुव्हेटचे लॅक्टेट करणे आणि लॅक्टेटचे पुन्हा पायरुव्हेट करणे, ही त्याची दुहेरी चाकरी. पेशी धडधाकट असेतोवर ते आतच राहते. पेशीचे आवरण फाटले, की इतर ऐवजाबरोबर तेही रक्तात वाहून येते. न्यूयॉर्कमधील व्रॉब्लेव्स्की आणि लाड्यू यांनी हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांच्या रक्तरसात हे विकर वाढते असे 1955 साली दाखविले, तेव्हा वैद्यांना एक नवा साक्षीदार मिळाला खरा; पण तो मोठा मोघम साक्षीदार होता. चोरी झाली एवढे तो शपथेवर सांगे, कोणाच्या घरी झाली हे मात्र त्याला सांगता येत नसे. कारण काविळीत, रक्तक्षयात, स्नायूंच्या इजेत आणि कर्करोगातही तो तितक्याच तत्परतेने हजर होई.

त्याच्या तोंडून घराचा पत्ता वदवून घेण्याची युक्ती त्या विकराच्या घडणीतच दडलेली होती. एल.डी.एच.चा प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो, आणि या साखळ्या दोन प्रकारच्या असतात. एकीला हृदयावरून एच म्हणतात, दुसरीला स्नायूवरून एम. चार जागा आणि दोन प्रकार, म्हणजे पाचच मेळ संभवतात: चारही एच, तीन एच आणि एक एम, दोन-दोन, एक एच आणि तीन एम, आणि चारही एम. यांनाच क्रमाने एल.डी.एच.-1 ते एल.डी.एच.-5 असे क्रमांक आहेत. काम एकच, पण घडण निरनिराळी, अशा विकरांना ‘आयसोझाइम’ हे नाव क्लेमेंट मार्कर्ट आणि फ्रेडी मोलर यांनी 1959 मध्ये दिले.

पुढे 1963 मध्ये मार्कर्टने एक प्रयोग केला, त्याचे कौतुक मला आजही ओसरलेले नाही. त्याने केवळ पहिला आणि केवळ पाचवा प्रकार समप्रमाणात मिठाच्या पाण्यात मिसळला, ते मिश्रण गोठविले आणि मग वितळू दिले. गोठताना साखळ्या सुट्या झाल्या, वितळताना पुन्हा चार-चारांनी जुळल्या. आणि जिथे दोनच प्रकार घातले होते तिथे पाचही निघाले, तेही 1 : 4 : 6 : 4 : 1 या प्रमाणात. ज्यांनी लहानपणी चल्लस-आठ खेळताना चार कवड्या हातात खुळखुळवून फेकल्या असतील, त्यांना हा हिशेब नवा वाटू नये. कवडी उताणी आणि पालथी सारखीच पडते असे धरले, तर चारही उताण्या पडण्याचा योग सोळांत एकदा येतो, दोन-दोनचा सोळांत सहा वेळा. निसर्ग येथे त्याच कवड्या खेळत होता.

शरीरात मात्र हा डाव समसमान नसतो. अखंड प्राणवायूवर चालणाऱ्या हृदयाच्या पेशी एच साखळ्या विपुल घडवितात, म्हणून तेथे एल.डी.एच.-1चे राज्य, यकृत आणि हातापायांचे स्नायू एम साखळ्या घडवितात, म्हणून तेथे एल.डी.एच.-5चे, फुप्फुस, प्लीहा आणि लसिकापेशी यांच्यात मधल्या प्रकारांना महत्त्व. प्रत्येक ऊतकाचा असा एक ठरावीक मेळ असतो, आणि पेशी फुटल्यावर तोच मेळ रक्तात उतरतो. साऱ्या पद्धतीचा पाया एवढाच आहे.

हे पाच प्रकार वेगळे कसे करीत, ते मी माझ्या उमेदवारीच्या काळात रोज पाहत असे. रक्तरसाचा एक थेंब जेलच्या पातळ पट्टीवर ठेवून तिच्यातून विद्युत्प्रवाह सोडावयाचा. एच साखळ्यांवर ऋण भार अधिक, म्हणून एल.डी.एच.-1 धन टोकाकडे सर्वांत पुढे पळे आणि एल.डी.एच.-5 जवळपास जागच्या जागी राही. मग त्या पट्टीवर लॅक्टेट, सहविकर आणि टेट्राझोलियम नावाचा फिकट पिवळा क्षार यांचे मिश्रण ओतून ती अंधाऱ्या, उबदार पेटीत ठेवीत. अर्ध्या तासाने झाकण उघडले, की कोऱ्या दिसणाऱ्या त्या पट्टीवर जांभळ्या रंगाच्या पाच आडव्या रेघा उमटलेल्या असत, काही ठसठशीत, काही पुसट. जिथे विकर होते तिथेच रंग धरला जाई. चोराच्या पावलांवर कोणी हळद टाकावी, तसे ते दृश्य असे.

आता त्या रेघा वाचावयाच्या कशा? हिशेबाच्या सोयीसाठी काही गोल आकडे धरू. समजा, एका निरोगी माणसाच्या रक्तरसात एकूण 200 एकके एल.डी.एच. आहे: पहिला प्रकार 50, दुसरा 70, तिसरा 44, चौथा 20 आणि पाचवा 16. निरोगी रक्तात दुसरा प्रकार पहिल्याहून अधिक असतो, हे ध्यानात ठेवावे. या माणसाला हृदयविकाराचा झटका आला आणि मृत स्नायूतून 300 एककांची भर पडली. त्यांत 180 एकके पहिल्या प्रकाराची, 90 दुसऱ्याची आणि उरलेली 30 इतरांची. आता पहिला प्रकार 230 झाला आणि दुसरा 160. दुसराही वाढला आहे, दुपटीहून अधिक वाढला आहे. पण पहिला त्याच्या पुढे निघून गेला. या उलटापालटीलाच वैद्य ‘फ्लिप’ म्हणत. हीच 300 एकके यकृतातून आली असती, तर एकूण बेरीज तीच 500 भरली असती, परंतु गडद झाली असती ती पाचवी रेघ. पहिल्या दोघींचा क्रम जसाच्या तसा राहिला असता. एकूण बेरजेने जे झाकले, ते वाटणीने उघड केले.

या पद्धतीचा खरा उपयोग होई तो उशिरा आलेल्या रुग्णाला. छातीतील कळ पित्ताची समजून घरगुती उपाय करीत तीन दिवस काढलेला माणूस चौथ्या दिवशी रुग्णालयात येई, तेव्हा झटक्यानंतर पहिल्या काही तासांत वाढणारे सी.के.-एम.बी. हे दुसरे विकर बहुधा पूर्वपदावर गेलेले असे. एल.डी.एच. मात्र सावकाश चालते: साधारण बारा ते चोवीस तासांत ते चढू लागते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठते आणि आठवडा-दीड आठवडा रेंगाळते. म्हणून चौथ्या दिवसाच्या पट्टीवरही ती उलटापालट स्पष्ट दिसे, आणि होऊन गेलेल्या घटनेचा पंचनामा करता येई.

परंतु जबानी कितीही सुस्पष्ट असली, तरी साक्षीदार कोणत्या अवस्थेत बोलतो आहे हे पाहणे तपास-अंमलदाराचे कर्तव्य असते. तांबड्या पेशींतही पहिल्या दोन प्रकारांचाच भरणा असतो, आणि त्यांच्या पोटात रक्तरसाहून शंभराहून अधिक पट एल.डी.एच. असते. बारीक सुईतून रक्त जोराने ओढले, नळी फार हलविली किंवा रक्तरस वेगळा करण्यास विलंब लावला, तर मूठभर पेशी फुटून हृदयविकाराची हुबेहूब नक्कल उभी राहते. रक्तरसाला गुलाबी छटा आली असेल, तर तो नमुना बाद करावा, हा प्रयोगशाळेचा जुना दंडक आहे. ब-12 जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयात अस्थिमज्जेतील अपक्व पेशी जागीच मरतात, तेव्हाही पहिली रेघ दुसरीच्या पुढे जाते आणि एकूण आकडा तर हृदयविकारातल्याहूनही चढू शकतो. या दोहोंतील भेद काळ सांगतो: हृदयाचा आकडा चढतो आणि उतरतो, रक्तक्षयाचा आकडा उपचार होईतो तसाच ठाण मांडून बसतो. म्हणूनच एका नमुन्यावर निकाल देऊ नये, एक-दोन दिवसांच्या अंतराने दुसरा घ्यावा, असे आमचे गुरुजन बजावीत.

दुसरी फसगत मी स्वतः केलेली आहे. शनिवारी दुपारी आलेला एका काविळीच्या रुग्णाचा नमुना मी मोठ्या काळजीने शीतकपाटात ठेवला आणि सोमवारी पट्टी चालविली; पाचवी रेघ, जी काळीभोर निघावयास हवी होती, ती जेमतेम दिसत होती. वरिष्ठांनी शांतपणे विचारले, “कुठं ठेवला होता नमुना?” मी सांगितले, तसे ते हसले. इतर बहुतेक विकरांना थंडी मानवते, परंतु चौथ्या आणि पाचव्या प्रकारांना ती सोसत नाही; त्यांचा नमुना खोलीच्या तापमानालाच ठेवावा लागतो. उलट पहिला प्रकार असा काटक, की रक्तरस 65 अंश सेल्सियसवर अर्धा तास तापविला, तरी तो बव्हंशी टिकून राहतो. मी ज्याला दक्षता समजलो होतो, तिनेच पुरावा नष्ट केला होता.

हृदयविकाराच्या निदानातून ही पद्धत आता निवृत्त झाली आहे. हृदयातील ट्रोपोनिन हे प्रथिन त्या स्नायूचे इतके स्वतःचे आहे, की वाटणीचा हिशेब करण्याची गरजच उरली नाही. ते लवकर चढते आणि कित्येक दिवस टिकतेही. एल.डी.एच.चा एकूण आकडा मात्र चाकरीत राहिला आहे: तांबड्या पेशींचा नाश, लसिकापेशींचे कर्करोग, वृषणाचे काही अर्बुद यांत तो रोगाचा भार सांगतो. माझी तक्रार आकड्याविरुद्ध नाही. ज्या आकड्याला ऊतकाचा पत्ता ठाऊक नाही, तो सरसकट आरोग्यतपासणीच्या यादीत घालून, त्यापुढे बाण काढून, सोबत खुलाशाचा एक शब्दही न देता माणसाच्या हाती ठेवण्याविरुद्ध आहे. वाटणी पाहिल्यावाचून बेरजेवर पत्ता लिहू नये, हे पन्नास वर्षांपूर्वीच्या प्रशिक्षणार्थ्यालाही ठाऊक होते.

शेजाऱ्यांना मी दोन प्रश्न विचारले: काही दुखते-खुपते का, आणि रक्त काढताना त्रास झाला होता का? दुखत काहीच नव्हते. रक्त मात्र तिसऱ्या टोचणीला, तेही थेंबथेंब मिळाले होते. दुसरा नमुना सरळ निघाला आणि बाण नाहीसा झाला. ज्यांच्या कागदावर असा एकटाच बाण असेल, त्यांनी आपल्या वैद्याला प्रथम एवढेच विचारावे, की नमुना स्वच्छ होता का, आणि तो पुन्हा घेता येईल का. दुसऱ्या वेळीही बाण तसाच उभा राहिला, तर मात्र त्याचा तपास अर्धवट सोडू नये.