तांबडेपणा नुसता नावापुरता?

कुंकू, जास्वंद आणि सुकी मिरची, तिन्ही तांबडी. तिन्हींत एकच तांबडेपणा नांदतो, असे नैयायिक म्हणत. बौद्ध पंडितांनी ते साफ नाकारले. नामवादीही सांगतात, वस्तू तेवढ्या खऱ्या, ‘तांबडे’ हे आपण दिलेले नाव. मी विचारतो, मग हळदीला चुना कालवल्यावरच ते नाव का द्यायचे? ‘तेव्हा ती जास्वंदीसारखी दिसते म्हणून,’ असे उत्तर येते.

ठीक. पण जास्वंदही मिरचीसारखी दिसते. ही दोन्ही ‘साम्ये’च कशावरून? त्या साम्यांतही साम्य आहे म्हणाल, तर त्याच्याही साम्याचा शोध आला; या पायऱ्यांना शेवट नाही. सगळीकडे साम्य एकच म्हणाल, तर अनेकांत राहणारी एक गोष्ट तुम्ही मानलीतच! मग तांबडेपणानेच काय घोडे मारले? बर्ट्रंड रसेल यांनी १९१२ साली हाच पेच टाकला होता.

तांबडेपणा फुलात राहतो कसा, हे कोडे आमच्याही पदरी आहे, हे कबूल. पण ‘साम्य असते, पुढे विचारू नका’ असे म्हणणे म्हणजे प्रश्नाला कुलूप लावणे. ते उत्तर नव्हे.