बाबांची वही आणि पासष्ट हजारांचा फरक

शनिवारी सकाळी चहा घेता घेता बाबांचं रिटर्न भरायला बसलो होतो. दरवर्षीचंच काम. पेन्शन, एफडीचं व्याज, अर्ध्या तासात मोकळं. पण या वेळी त्यांनी एक जुना शेअर विकला होता, म्हणून नव्या ब्रोकरच्या साइटवरून टॅक्स रिपोर्ट उतरवला. त्यातला आकडा बघून चहा राहिला बाजूला. अल्पमुदतीचा नफा ३,१५,००० रुपये. त्यावर २० टक्के कर ६३,०००, वर ४ टक्के सेस २,५२०. एकूण ६५,५२० रुपये.

बाबा म्हणाले, "अरे, अल्पमुदत कसली? तू इंजिनिअरिंगला होतास तेव्हा घेतलेत ते मी."

बाबांचं बरोबर होतं आणि रिपोर्ट चूक होता. नेमकं काय बिघडलं होतं ते सविस्तर लिहितो, कारण असले रिपोर्ट डोळे झाकून अपलोड करणारे बरेच जण मी आजूबाजूला बघतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यातलाच होतो.

आधी नियम, तो खरं तर सोपा आहे. शेअर बाजारात नोंदलेला, एसटीटी भरलेला शेअर बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवून विकला तर नफा दीर्घमुदतीचा, नाहीतर अल्पमुदतीचा. २३ जुलै २०२४ पासून अल्पमुदतीच्या नफ्यावर २० टक्के कर आहे (आधी १५ होता) आणि दीर्घमुदतीच्या नफ्यावर १२.५ टक्के (आधी १० होता). दीर्घमुदतीच्या नफ्यातले वर्षाला पहिले सव्वा लाख करमुक्त. म्हणजे सगळा खेळ दोनच गोष्टींवर आहे: घेतला कधी आणि केवढ्याला. नेमक्या याच दोन गोष्टी ब्रोकरला माहीत नव्हत्या.

झालं असं की जानेवारी २०२५ मध्ये बाबांचं जुनं डिमॅट खातं मीच बंद करायला लावलं आणि ३०० शेअर नव्या खात्यात वळवले. स्वतःच्या एका खात्यातून स्वतःच्याच दुसऱ्या खात्यात शेअर हलवणं म्हणजे विक्री नव्हे. मूळ तारीख आणि मूळ किंमत दोन्ही कायम राहतात. पण डिमॅटच्या त्या व्यवहारात फक्त शेअरची संख्या पुढे जाते, किंमत जात नाही. नव्या ब्रोकरच्या सॉफ्टवेअरने खरेदीची तारीख म्हणून जानेवारी २०२५ धरली आणि खरेदीची किंमत शून्य. सप्टेंबर २०२५ मध्ये बाबांनी १,०५० रुपये भावाने ३०० शेअर विकले, तेव्हा अख्खे ३,१५,००० रुपये 'आठ महिन्यांचा नफा' झाले!

मग निघाली बाबांची वही. लाल कापडी बांधणीची, आतून पिवळी पडलेली. त्यात निळ्या शाईत: १२ ऑगस्ट २००९, ३०० शेअर, भाव १२०. आता वही हा काही पुरावा नाही. पण पुरावा कुठे शोधायचा ते वहीने सांगितलं. तारीख कळल्यावर जुन्या फाइलींच्या गठ्ठ्यात त्या दिवसाची कॉन्ट्रॅक्ट नोट दहा मिनिटांत सापडली, आणि जुन्या डिमॅटच्या स्टेटमेंटमध्ये १४ ऑगस्टला ३०० शेअर जमा झाल्याची ओळही. दोन्ही जुळले. इथे काम संपलं असं मला वाटलं होतं, पण संपलं नव्हतं.

१२० ला घेतले, १,०५० ला विकले, म्हणजे शेअरमागे ९३० नफा, एकूण २,७९,०००. त्यातले सव्वा लाख वजा केले तर १,५४,००० वर १२.५ टक्के, म्हणजे १९,२५०, सेस धरून २०,०२० रुपये. पासष्ट हजारांवरून वीस हजारांवर आलो म्हणून मी खूश. पण इथे एक जुनी तारीख मध्ये येते: ३१ जानेवारी २०१८. त्याआधी असल्या शेअरचा दीर्घमुदतीचा नफा करमुक्त होता. २०१८ च्या अर्थसंकल्पाने कर पुन्हा आणला, पण तोवर झालेल्या वाढीला हात लावला नाही. म्हणून त्या तारखेपर्यंत घेतलेल्या शेअरची किंमत अशी काढायची: त्या दिवसाचा बाजारातला सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव, यातला कमी तो घ्या. मग तो आणि खरेदीचा भाव, यातला जास्त तो घ्या. आमच्या भाषेत:

```
cost = max(buy, min(fmv_31jan2018, sell))
     = max(120, min(610, 1050))
     = 610
```

बाबांच्या शेअरचा त्या दिवशीचा सर्वोच्च भाव ६१० होता. म्हणजे नफा शेअरमागे ४४०, एकूण १,३२,०००. सव्वा लाख गेले, उरले ७,०००. त्यावर १२.५ टक्के म्हणजे ८७५, सेस ३५. भरायचे ९१० रुपये. (दलाली हिशेब सोपा राहावा म्हणून सोडली आहे. खऱ्या रिटर्नमध्ये ती वजा होते, एसटीटी मात्र होत नाही.)

तीच विक्री आणि तीच माणसं. ६५,५२०, २०,०२० किंवा ९१०. फरक फक्त नोंदीचा.

कुणी म्हणेल, खात्याकडे सगळी माहिती असतेच की, एआयएसमध्ये दिसते. मी उघडून बघितलं. विक्रीची रक्कम बरोबर होती, आणि ती रिटर्नशी जुळलीच पाहिजे, नाहीतर विचारणा येते. पण खरेदीची किंमत म्हणून तिथे जे दिसतं ते डिपॉझिटरी वा ब्रोकरकडून आलेलं, कधी अंदाजी तर कधी चक्क रिकामं. ते बंधनकारक नाही. तिथे अभिप्राय नोंदवता येतो आणि रिटर्नमध्ये स्वतःचा खरा आकडा भरता येतो. मात्र विचारलं तर तो सिद्ध करणं आपल्यावर.

आता एक बारीक गोष्ट, जी मला या निमित्ताने नीट कळली. डिमॅटमध्ये 'आधी आले ते आधी गेले' हा नियम आहे, सरासरी भाव चालत नाही. आणि हा क्रम प्रत्येक खात्यापुरता वेगळा, शेअर त्या खात्यात कधी शिरले त्यावर लागतो. समजा बाबांनी नव्या खात्यात डिसेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीचे ५० शेअर ९०० ने घेतले असते. मग ३०० विकताना आधी ते ५० गेले असते, कारण या खात्यात ते आधी शिरले. २००९ चे शेअर वयाने थोरले असूनही रांगेत मागे! त्या ५० वर ७,५०० रुपये अल्पमुदतीचा नफा झाला असता आणि जुन्यांतले २५० च विकले गेले असं धरलं असतं. रांगेतली जागा खात्यात शिरल्याच्या तारखेवरून ठरते, मुदत मात्र मूळ खरेदीच्या तारखेवरून. म्हणून नोंदीत दोन तारखा लागतात.

मी आता प्रत्येक खरेदीची एक ओळ अशी ठेवतो:

```
isin,account,buy_date,entry_date,qty,rate,charges,kind
XX,NEW,2009-08-12,2025-01-17,300,120,0,TRANSFER
```

शेवटचा रकाना महत्त्वाचा. बोनस शेअर आले तर त्यांची वेगळी ओळ: तारीख वाटपाची, आणि ३१ जानेवारी २०१८ नंतर आलेले असतील तर किंमत शून्य. जुन्या शेअरची किंमत दोघांत वाटायची नाही. स्प्लिट झाला तर उलट: तारीख जुनीच, संख्या वाढते, भाव त्या प्रमाणात भागायचा, २०१८ चा भावसुद्धा. कंपनीचं नाव बदलतं, विलीनीकरणं होतात, म्हणून नावाऐवजी आयएसआयएन. तोही बदलला तर बदलाची ओळ घालायची, जुनी पुसायची नाही.

ओळीमागे कागद हवाच. खरेदी-विक्रीच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा, डिमॅटची स्टेटमेंटं, आणि खातं बदललं असेल तर शेअर वळवल्याचा अर्ज. खातं बंद करण्याआधी जुन्या ब्रोकरकडून सगळी वर्षं उतरवून घ्या. बंद झाल्यावर लॉगिन जातं आणि मग पत्रव्यवहार करत बसावं लागतं. किती वर्षं ठेवायचं? विकलेल्या वर्षाचं प्रकरण सर्वसाधारणपणे आकारणी वर्ष संपल्यावर सव्वातीन वर्षांपर्यंत, आणि दडलेली रक्कम पन्नास लाख किंवा त्याहून जास्त असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत उघडता येतं. पण मोजणी विक्रीपासून सुरू होते. म्हणजे २००९ चा कागद २०२५ पर्यंत, आणि त्यानंतरही काही वर्षं. तोटा पुढे ओढत असाल तर तो संपेपर्यंत, कारण भांडवली तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो. अट एकच, त्या वर्षीचं रिटर्न मुदतीत भरलेलं हवं. अल्पमुदतीचा तोटा दोन्ही नफ्यांतून वजा होतो, दीर्घमुदतीचा फक्त दीर्घमुदतीच्या नफ्यातून.

ऑफिसातल्या रोज सकाळी घेऊन दुपारी विकणाऱ्या मंडळींसाठी एक ओळ: तुमचा नफा यातल्या कुठल्याच खात्यात बसत नाही. इंट्राडे म्हणजे सट्ट्याचा धंदा आणि फ्युचर्स-ऑप्शन्स म्हणजे साधा धंदा, त्यामुळे कर तुमच्या स्लॅबने लागतो आणि फॉर्म आयटीआर-२ नाही, आयटीआर-३. त्यांच्या नोंदी याच फाइलीत मिसळू नका.

माझं मत विचाराल तर, ही व्यवस्था उलटी आहे. पैसे पाठवले की पाठवणाऱ्याचं नाव, तारीख, सगळं क्षणात पलीकडे जातं. शेअर वळवताना मूळ तारीख आणि किंमत सोबत पाठवणं तांत्रिकदृष्ट्या दोन रकान्यांचं काम आहे, हे मी रोजच्या धंद्यातून सांगतो. ते सक्तीचं व्हायला हवं. आणि तसं होईपर्यंत किंमत माहीत नसेल तिथे ब्रोकरने 'माहीत नाही' असं छापावं, शून्य नाही. शून्य आणि रिकामं यातला फरक न कळणारा प्रोग्रॅम आमच्याकडे पहिल्याच तपासणीत परत येतो. इथे मात्र त्याची किंमत सत्तरीतला माणूस पासष्ट हजारांनी मोजतो आणि त्याला कळतही नाही.

असो. रिटर्न भरलं, ९१० रुपये भरले. बाबांनी वहीत त्या ओळीपुढे विक्रीची तारीख आणि भाव लिहिला, खाली रेघ मारली, आणि वही परत कपाटात ठेवताना म्हणाले, "तुझी ती फाइल पण छापून दे. यातच ठेवतो."