फोन बदलला, हिशोब कुठे गेला?

डहाणूचा चिकू करंडीत भरला जातो, पण त्याचा हिशोब हल्ली व्हॉट्सअॅपमध्ये राहतो. माझ्या मामाच्या वाडीत तोडणीला माणसं तलासरीकडून येतात. मुकादम भरलेल्या करंड्यांचा फोटो टाकतो, उरलेलं बोलून पाठवतो. चार वर्षांचा हा व्यवहार एका जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये होता. मामाने आयफोन घेतला आणि म्हणाला, "तू इंजिनियर ना? मग हे सगळं तिकडं टाकून दे."

मी म्हटलं, गूगल ड्राइव्हवर बॅकअप आहे, चिंता कसली! इथेच फसलो. तो बॅकअप आयफोनवर उघडतच नाही. 2022 पासून अधिकृत रस्ता आहे तो Move to iOS या अॅपचा, आणि त्यासाठी आयफोन अगदी कोरा लागतो. दुकानातल्या पोराने तो आधीच चालू करून दिला होता, म्हणून पुन्हा रिसेट करणं आलं. मग दोन्ही फोन चार्जिंगला लावले, एकाच वायफायवर घेतले, आयफोनवर आलेला कोड जुन्या फोनमध्ये टाकला आणि यादीत WhatsApp निवडलं. शेवटी आयफोनवर व्हॉट्सअॅप टाकून त्याच नंबरने उघडलं. चॅट, ग्रुप, मुकादमाचा आवाज, सगळं आलं. मामा खूश!

पण दुसऱ्या दिवशी मामाचा फोन. "अरे, मागच्या वर्षीच्या करंड्या धुरकट दिसतायत!" कारण साधं होतं. जागा करायला मामाने गॅलरीतून फोटो उडवले होते. जे जुन्या फोनमध्येच नाही, ते नव्यात येणार कुठून? मेसेज आला, फोटो राहिला. कॉलची यादीही येत नाही, आणि चॅटमधून पैसे पाठवल्याचे मेसेजही येत नाहीत. पैशाची नोंद बँकेच्या पासबुकात सापडते. पण कोणत्या तोडणीचे ते पैसे, हे पासबुक सांगत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की, दोष फक्त यंत्राचा नाही. गप्पा मारायच्या जागेला आपण खतावणी केलं. मजुराच्या बाकीचा पुरावा जर एका धुरकट फोटोवर उभा असेल, तर नुकसान मामाचं कमी आणि तलासरीच्या त्या माणसाचं जास्त. त्याच्याकडे तर तेवढीही नोंद नसते.

म्हणून फोन बदलण्याआधी महत्त्वाचे फोटो एकेक उघडून पाहा. धुरकट दिसला तर पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवा. कामाच्या चॅटमध्ये Export chat करून फाईल स्वतःला मेल करा. नव्या फोनवर आल्यावर आयक्लाउडचा बॅकअप स्वतः घ्या. आणलेला माल आपोआप तिथे चढत नाही. आणि जुना फोन लगेच विकू नका, कारण तुम्ही पुसेपर्यंत त्यातलं सगळं तसंच असतं.

मामाने आता दोन रुपयांची नव्हे, चांगली जाड वही आणली आहे. मुकादमाची सही त्यात रोज होते. ती वही कुठल्याही फोनवर चालते!