पुण्यात बसून चारठाण्याचा राउटर

घरापासून लांब नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला एक ऑनररी पोस्ट मिळालेली असते, घरच्या वाय-फायचा इंजिनीअर! माझा एक मित्र हिंजवडीत काम करतो, आई-बाबा चारठाण्याला. जिंतूर तालुक्यातलं, जुन्या हेमाडपंती देवळांचं हे गाव. आता तिथे घरोघरी नेट आलंय आणि ह्याच्या घरचा वाय-फाय पासवर्ड अर्ध्या गल्लीला पाठ. संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल अडकतो तो म्हणूनच.

पासवर्ड बदलायचा तर राउटरचं पान उघडायला हवं. त्याचा पत्ता 192.168.1.1. गंमत अशी की हा पत्ता फक्त घराच्या आतच चालतो. पुण्यातून टाकलात तर पुण्याच्या फ्लॅटमधलाच राउटर उघडतो! राउटरमधलं ‘रिमोट मॅनेजमेंट’ ऑन करणं हा शॉर्टकट आहे, पण त्यात लॉगिनचं पान साऱ्या जगासमोर उघडं पडतं. नको रे बाबा.

मित्राने काय केलं, तर घरी राउटरला वायरने एक रास्पबेरी पाय जोडून ठेवला. छोटा, चोवीस तास चालू राहणारा कॉम्प्युटर. त्याच्यावर एसएसएच असतं, म्हणजे दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय. एसएसएच 1995 साली फिनलंडमध्ये तातू युलोनेन यांनी लिहिलं आणि त्यात एक भन्नाट सोय आहे: त्या कनेक्शनमधून ब्राउझरचं ट्रॅफिकही पाठवता येतं. त्यालाच सॉक्स प्रॉक्सी म्हणायचं. ब्राउझर पुण्यात, पण पानं मागतो चारठाण्याचा पाय. त्याच्यासाठी 192.168.1.1 म्हणजे घरचाच राउटर.

पहिली अडचण इथेच. राउटरच्या स्टेटस पानावर इंटरनेटचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमच्या कंपनीने एकच पब्लिक पत्ता अनेक घरांत वाटलाय. मग बाहेरून घराचं दार ठोठावताच येत नाही. उपाय सरळ आहे, घरानेच बाहेर फोन लावायचा! महिना काही शे रुपयांत भाड्याने मिळणारा छोटा सर्व्हर मधे घ्यायचा आणि पायवरून ही कमांड चालू ठेवायची:

```
ssh -N -R 2222:localhost:22 me@server.example
```

मग पुण्यातल्या लॅपटॉपवरून:

```
ssh -N -D 1080 -J me@server.example -p 2222 ghar@localhost
```

नावं अर्थातच तुमची टाकायची. दुसरी कमांड आधी सर्व्हरवर जाते, तिथून उलट वाटेने घरच्या पायवर पोचते आणि लॅपटॉपवर 1080 नंबरचा पोर्ट उघडते. स्क्रीनवर काहीच दिसत नाही, ते बरोबरच आहे. ती खिडकी तशीच चालू ठेवा. लॉगिन पासवर्डने नको, की-फाइलने करा. आणि हे प्रयोग ऑफिसच्या लॅपटॉपवर नकोत हं, आयटीवाले प्रेमाने बोलावतील.

फायरफॉक्समध्ये वेगळं प्रोफाइल काढा, म्हणजे तुमचं बाकीचं ब्राउझिंग चारठाण्याला चक्कर मारून येणार नाही. Network Settings मध्ये Manual proxy configuration निवडा, SOCKS Host ला 127.0.0.1, पोर्ट 1080 आणि SOCKS v5. आयपी पत्ता दाखवणारी एखादी साइट उघडून बघा, घरच्या कनेक्शनचा पत्ता दिसला की जमलं. मगच 192.168.1.1. पान आल्यावर वाय-फायचं नाव नीट वाचा. दोन्हीकडचे राउटर सारखे दिसत असतील, तर चुकून फ्लॅटमेटचा पासवर्ड बदलाल!

प्रॉक्सी कनेक्शन नाकारतेय असं ब्राउझर म्हणाला, तर लॅपटॉपवरची कमांड बंद पडलीय किंवा पोर्ट चुकलाय. कमांडच्या खिडकीत open failed दिसलं, तर बोगदा ठीक आहे, पण तो पत्ता पायला सापडत नाहीये. राउटर 192.168.0.1 वर आहे का, ते बघा.

मित्राने आधी आईला फोन केला, नवा पासवर्ड कागदावर लिहून घ्यायला लावला आणि मगच सेव्ह केलं. सेव्ह होताच आईचा फोन वाय-फायवरून उडाला. पाय मात्र वायरवर, त्यामुळे बोगदा टिकला.

हे सगळ्याच सेटिंग्जना लागू नाही. इंटरनेटचं लॉगिन किंवा राउटरचा घरातला पत्ता बदलाल, तर बसल्या फांदीवरच कुऱ्हाड. ती कामं दिवाळीला घरी गेल्यावर. राउटर रीस्टार्ट झाला तरी बोगदा तुटतोच, म्हणून पायवरची पहिली कमांड autossh ने चालवा, ती आपोआप परत जोडते. लाइट गेली की बोगदाही गेला. आणि आईला एक सांगून ठेवा: राउटरच्या मागचं ते बारीक रीसेटचं भोक टाचणीने दाबायचं नाही. त्याने सगळी सेटिंग्ज पुसली जातात, आणि मग पुण्यातून काहीही करता येत नाही.