एस्टर अर्ध्यावर थांबत नाही

रसायनशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न वर्षानुवर्षे फिरून येतो. मिथाईल बेंझोएटवर फिनाईल मॅग्नेशियम ब्रोमाईडची क्रिया केल्यास काय मिळेल? जळगाव असो वा धुळे, बरीच मुले 'बेंझोफिनोन' लिहून मोकळी होतात. बरोबर उत्तर ट्रायफिनाईलमिथेनॉल हे आहे. मुलांचा अभ्यास कमी पडतो म्हणून ही चूक होते असे मला वाटत नाही. आपण त्यांना तक्ता पाठ करायला लावतो आणि तक्त्यात अभिक्रियेची वाट दिसत नाही, हे खरे कारण आहे.

तो तक्ता सगळ्यांना ठाऊक आहे. फॉर्मल्डिहाईडपासून प्राथमिक अल्कोहोल, इतर अल्डिहाईडपासून द्वितीयक, कीटोनपासून तृतीयक, एस्टरपासूनही तृतीयक. या चार ओळींऐवजी एकच गोष्ट शिकवली तर पुरते. कार्बोनिल गटातल्या कार्बनवर बोट ठेवायचे आणि त्याला आधीच किती कार्बनी गट जोडलेले आहेत ते मोजायचे. ग्रीनार्ड अभिकारकातला मॅग्नेशियमला जोडलेला कार्बन इलेक्ट्रॉनांनी समृद्ध असतो, तर कार्बोनिलचा कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेला. म्हणून पहिला दुसऱ्याशी बंध जोडतो, दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे जातात आणि मॅग्नेशियम त्या ऑक्सिजनला चिकटते. आम्ल घातल्यावर मॅग्नेशियम सुटते आणि OH उरतो. फॉर्मल्डिहाईडच्या कार्बनवर एकही कार्बनी गट नव्हता, आता एक झाला, म्हणून अल्कोहोल प्राथमिक. बेंझाल्डिहाईडवर एक होता, दोन झाले, म्हणून द्वितीयक. बेंझोफिनोनवर दोन होते, तीन झाले, म्हणून तृतीयक.

एस्टरकडे आले की हीच मोजणी मुलांना फसवते. मिथाईल बेंझोएटच्या कार्बोनिल कार्बनवर कार्बनी गट एकच, तो म्हणजे फिनाईल. दुसऱ्या बाजूला OCH3 आहे, म्हणजे तिथे कार्बोनिलला जोडलेला अणू ऑक्सिजन आहे. एक अधिक एक दोन, मग द्वितीयक अल्कोहोल का नाही? अल्डिहाईड आणि कीटोनमध्ये बेरीज झाली की अभिक्रिया तिथेच थांबते, कारण बाहेर पडू शकेल असा गट त्यांच्यापाशी नसतो. हायड्रोजन किंवा फिनाईल गट इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन सहज निघून जात नाही. एस्टरमधला OCH3 मात्र जाऊ शकतो आणि जातो. तो गेला की दुहेरी बंध पुन्हा उभा राहतो, आणि समोर असतो कीटोन, बेंझोफिनोन.

म्हणजे बेंझोफिनोन लिहिणारा विद्यार्थी खोटे लिहीत नाही. तो मधल्या थांब्यावर उतरला इतकेच. चंबूतली अभिक्रिया तिथे उतरत नाही. एस्टरमधला ऑक्सिजन आपल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांनी कार्बोनिल कार्बनची भूक थोडी भागवत असतो, म्हणून एस्टर कीटोनपेक्षा मंद असतो. नवा तयार झालेला कीटोन जास्त तत्पर, त्यामुळे शिल्लक ग्रीनार्ड अभिकारक उरलेल्या एस्टरआधी त्या कीटोनलाच गाठतो. दुसरा फिनाईल गट आत येतो आणि आता बाहेर पडायला काही नसते. तृतीयक अल्कोहोलाच्या कार्बनवर तीन फिनाईल गट मिळतात, त्यांतले दोन अभिकारकातून आलेले. म्हणून एस्टरला नियम असा लावायचा: ऑक्सिजनवाला गट मोजायचा नाही आणि अभिकारकाचे गट दोन धरायचे. फॉर्मिक आम्लाच्या एस्टरमध्ये, समजा इथाईल फॉर्मेटमध्ये, कार्बोनिल कार्बनवर कार्बनी गट शून्य. त्यात दोन आले की द्वितीयक अल्कोहोल मिळते. तक्ता पाठ केलेला मुलगा फॉर्मेटपाशी अडतो, मोजणारा अडत नाही.

याचा हिशेब प्रयोगशाळेत तराजूवर दिसतो. २.४ ग्रॅम मॅग्नेशियम आणि १५.७ ग्रॅम ब्रोमोबेंझीन घेतले की दोन्ही ०.१ मोल होतात. त्यांपासून जास्तीत जास्त ०.१ मोल अभिकारक बनेल. मग मिथाईल बेंझोएट किती घ्यायचे? ६.१ ग्रॅम, म्हणजे ०.०४५ मोल. त्याला ०.०९ मोल अभिकारक लागेल आणि थोडा हाताशी राहील. सगळे नीट जमले तर उत्पादन ११.७ ग्रॅम होईल. आता कोणी कीटोन हवा म्हणून एस्टरही ०.१ मोल, म्हणजे १३.६ ग्रॅम घेतले, तर? त्याला बेंझोफिनोनचे भांडे भरून मिळत नाही. मुख्यतः निम्म्या एस्टरचे तृतीयक अल्कोहोल होते आणि निम्मे एस्टर जसेच्या तसे परत येते. अभिकारक कमी केल्याने अभिक्रिया अर्ध्यावर थांबत नाही. अर्ध्या रेणूंवर ती पूर्ण होते आणि उरलेल्यांवर सुरूच होत नाही. हे एक वाक्य समजले की एस्टरचा धडा समजला. कीटोनवर खरोखर थांबायचे असेल तर एस्टर सोडून वाइनरेब अमाईडकडे जावे लागते. तिथे पहिल्या बेरजेनंतर मॅग्नेशियम दोन ऑक्सिजनांमध्ये धरले जाते, आणि शेवटी आम्ल घालेपर्यंत कीटोन जन्मालाच येत नाही.

हे सगळे फळ्यावर सांगता येते, पण पोरांच्या मनात ते चंबूसमोर बसते. इथे खानदेशचे हवामान आड येते आणि वेळापत्रक करणाऱ्यांनी त्याचा विचार करायला हवा. हा प्रयोग पारंपरिकपणे डायइथाईल ईथरमध्ये करतात आणि ईथर ३४.६ अंशांना उकळते. जळगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडून जातो. म्हणजे सावलीतल्या टेबलावरही ईथर आपल्या उत्कलनबिंदूच्या वर असते. कंडेन्सरमधून गच्चीवरच्या टाकीचे तापलेले पाणी सोडले तर वाफ परत खाली येणार कशी? ईथरची वाफ हवेपेक्षा जड, ती टेबलावरून खाली सरकत दूरच्या ठिणगीपर्यंत पोहोचते. शिवाय ही अभिक्रिया स्वतः उष्णता सोडते. ती सुरू होण्याची वाट न पाहता सगळे ब्रोमोबेंझीन एकदम ओतले आणि मग ती पेटली, तर आवरायला थंडावाच हाताशी नसतो.

पावसाळ्यात अडचण पाण्याची. ग्रीनार्ड अभिकारकाला पाणी कार्बोनिलपेक्षाही आधी भेटते आणि त्याचे साधे बेंझीन करून टाकते. ०.१ मोल अभिकारक पूर्ण नासवायला १.८ ग्रॅम पाणी पुरते, अर्धा चहाचा चमचाही नाही. पाण्याने संपृक्त झालेल्या १०० मिलिलीटर ईथरात सुमारे एक ग्रॅम पाणी असते. एवढ्या एका ओल्या ईथरानेच निम्मा माल जातो. म्हणून काच ओव्हनमधून काढून गरम असतानाच जोडायची, ईथर सोडियमच्या तारेवर सुकवलेले घ्यायचे आणि कंडेन्सरच्या तोंडाला कॅल्शियम क्लोराईडची नळी लावायची. ऑगस्टमध्ये ते कॅल्शियम क्लोराईडच दमट होऊन गोळा बनलेले असते, हेही तपासायचे. उन्हाळ्यातली हवा कोरडी म्हणावी, तर खोलीत पाण्याचा कूलर लावून आपणच ती ओली करतो.

उरतो तो हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याची हवा कोरडी आणि थंड असते, नळाचे पाणी गार असते, ईथर बाटलीत शांत असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाखाली आहेत. ग्रीनार्डचे प्रात्यक्षिक त्यांनी याच दोन महिन्यांत ठेवावे असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. ते जमत नसेल तर ईथरऐवजी ६६ अंशांना उकळणारे टेट्राहायड्रोफ्युरान वापरावे. ते पाण्यात मिसळते, त्यामुळे शेवटी थर वेगळे करताना जास्तीचे दुसरे द्रावक लागते, एवढी तयारी ठेवावी. प्रात्यक्षिक गाळून नुसते वहीत उतरवून घेणे मात्र बंद व्हावे.

कारण विद्यार्थ्याने पाहायचे ते वहीत नसते. आयोडीनचा एक खडा टाकल्यावर तपकिरी रंग विरतो, द्रव गढूळ होतो आणि खाली आच नसताना उकळू लागतो, तेव्हा अभिकारक बनू लागला हे डोळ्यांना कळते. एस्टर थेंबाथेंबाने सोडून शेवटी विरल आम्ल घातले की कच्चा घन पदार्थ मिळतो. त्यात बायफिनाईल मिसळलेले असते, ब्रोमोबेंझीनचे दोन तुकडे एकमेकांना जोडून झालेले. पेट्रोलियम ईथरने धुतले की ते निघून जाते. मग द्रवणांक घ्यावा. बायफिनाईल ७० अंशांच्या आसपास वितळते, बेंझोफिनोन त्याहून खाली, ४८ च्या सुमारास, आणि शुद्ध ट्रायफिनाईलमिथेनॉल १६४ च्या जवळपास. मधला थांबा आणि शेवटचे ठिकाण यांच्यात शंभराहून अधिक अंशांचे अंतर आहे. ते एकदा थर्मामीटरवर वाचलेला मुलगा पेपरात बेंझोफिनोन लिहिणार नाही. खात्रीसाठी दोन-चार कण तीव्र सल्फ्युरिक आम्लात टाकावेत. ट्रायफिनाईलमिथाईल कॅटायनचा गडद पिवळा-नारिंगी रंग लगेच उमटतो.

मोजणीच्या या नियमाला मर्यादाही आहेत आणि त्या शिकवल्या पाहिजेत. इतर तृतीयक अल्कोहोले तीव्र आम्लात पाणी गमावून अल्कीन बनतात. ट्रायफिनाईलमिथेनॉल वाचते, कारण शेजारच्या कार्बनवर काढायला हायड्रोजनच नाही. म्हणून २-फिनाईल-२-प्रोपॅनॉलसारखे काही बनवताना आम्लाऐवजी अमोनियम क्लोराईडचे द्रावण घालावे. आणि गट फार जाड असतील तर मोजणीच चुकते. डायआयसोप्रोपाईल कीटोनवर आयसोप्रोपाईल मॅग्नेशियम ब्रोमाईड घातले तर अपेक्षित तृतीयक अल्कोहोल हाती लागत नाही. जागेअभावी अभिकारक आपला हायड्रोजन देऊन कीटोनचे क्षपण करतो आणि द्वितीयक अल्कोहोल मिळते, किंवा कीटोनचाच हायड्रोजन ओढून घेतो आणि आम्ल घातल्यावर तो कीटोन पुन्हा जसाच्या तसा समोर येतो.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एवढेच सुचवायचे आहे. 'काय मिळेल' या प्रश्नाला जोडून 'किती मोल अभिकारक लागेल आणि का' हेही विचारा. ज्याला दोनचे उत्तर आणि त्याचे कारण देता येते, त्याला अल्कोहोल कोणते ते वेगळे पाठ करावे लागत नाही.